हाताची आग आणि साहेबांना अर्ज

गेल्या पावसाळ्यात एक ताई आमच्याकडे आल्या त्या दोन्ही हात पदराखाली घेऊनच. चहा पुढे केला तरी कप उचलेनात. शेवटी आमच्या सौ.नी विचारले तेव्हा त्यांनी हात बाहेर काढले. बोटांच्या बेचक्यांत कातडी लाल होऊन सोललेली, पेरांवर भेगा, अंगठ्याच्या मुळाशी चिरा पडून रक्त सुकलेले. "सगळे म्हणतात गजकर्ण आहे, लांब राहतात. घरात मुलगीसुद्धा माझ्या हातची भाकरी खाताना विचार करते," असे म्हणून त्या गप्प झाल्या.

ताई ठाणे जिल्ह्यातल्या एका खाजगी इस्पितळात कंत्राटदारामार्फत हाऊसकीपिंगचे काम करतात. सहा वर्षे झाली. सकाळी सात ते तीन पाळी. वॉर्डाची लादी दिवसातून तीन वेळा पुसायची, संडास-बाथरूम ॲसिडने घासायचे, रक्त-लघवी सांडली तर त्यावर हायपो टाकायचा आणि पुसण्या हाताने पिळायच्या. त्यांनी सोबत एक अर्ज आणला होता, तो आम्ही तपासून द्यावा म्हणून. अर्ज चारच ओळींचा. त्यातली दुसरी ओळ अशी होती: "माझे हात खराब झाल्यामुळे मी हे काम करू शकत नाही, तरी मला दुसरे काम द्यावे ही विनंती."

आम्ही तो अर्ज घडी करून बाजूला ठेवला. ताईंना वाटले, हस्ताक्षर वाईट म्हणून. तसे नव्हते. कंत्राटदाराच्या हातात "मी हे काम करू शकत नाही" असे सहीचे वाक्य गेले, की पुढचे "दुसरे काम द्यावे" तो वाचेलच असे नाही. बाई स्वतःच म्हणते काम जमत नाही, मग उद्यापासून येऊ नको, असे म्हणायला त्याला कागद मिळतो. कामात बदल मागण्याच्या अर्जात पहिली खबरदारी हीच घ्यायची. आपण कामाला तयार आहोत आणि लायक आहोत, फक्त अमुक वस्तूला हात लावणे शरीराला चालत नाही, एवढेच त्यात आले पाहिजे.

पण तेवढ्याने भागत नाही. आधी हा आजार काय आहे ते समजले पाहिजे.

आपल्या कातडीवर नैसर्गिक तेलाचा एक पातळ थर असतो. साबण, कपड्याची पावडर, हायपो आणि ॲसिड तो थर धुऊन काढतात. एकदा-दोनदा झाले तर कातडी तो परत तयार करते. पण रोज सात-आठ तास हात ओलेच राहिले तर तिला सवड मिळत नाही. मग ती कोरडी पडते, लाल होते, आग होते, भेगा पडतात आणि त्या भेगांतून रसायन आणखी आत जाते. डॉक्टर याला संपर्कजन्य त्वचादाह म्हणतात. सुरुवात बहुधा बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठीखाली होते, कारण पाणी आणि पावडर तिथेच अडकून राहते. हा रोग लागट नाही. गजकर्ण बुरशीने होते, हे बुरशीने होत नाही. ताईंच्या लेकीला आम्ही हे निरोप पाठवून कळवले, कारण ताईंना हाताच्या दुखण्यापेक्षा ती गोष्ट जास्त लागली होती.

काही जणांना यापेक्षा निराळाही प्रकार होतो. एखाद्या विशिष्ट पदार्थाची शरीराला वावडी होते, मग तो थोडासा लागला तरी हात फुलतात. गंमत म्हणजे, संरक्षणाला दिलेल्या रबरी हातमोज्यांतल्या रसायनांचीही अशी वावडी होऊ शकते. मोजा संपतो त्या मनगटाच्या रेषेवरच पुरळ थांबत असेल तर ती शंका घ्यावी. त्यासाठी मोठ्या इस्पितळांच्या त्वचा विभागात पाठीवर पट्ट्या चिकटवून चाचणी करतात. पट्ट्या दोन दिवस ठेवतात, मग काढून पाठ तपासतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात.

ताईंनी आमच्याकडे येण्याआधी पाच महिने मेडिकलवाल्याने दिलेले एक मलम लावले होते. आठ दिवस बरे वाटायचे, बंद केले की दुप्पट. अशा मिश्र मलमांत बहुतेक वेळा जोरदार स्टेरॉइड असते. ते महिनोन्महिने लावले तर कातडी कागदासारखी पातळ होते, आणि खरोखर बुरशी असेल तर ती त्याखाली पसरत जाते. डॉक्टर स्टेरॉइड देतात तेव्हा ठरावीक दिवसांसाठी देतात, हा फरक आहे. मेडिकलवाल्याला दोष देऊन काय करणार? ताईंना अर्धा दिवस बुडवून दवाखान्यात रांग लावण्यापेक्षा चाळीस रुपयांची ट्यूब परवडत होती.

आम्ही त्यांना दोन कामे सांगितली. एक, पंधरा दिवस वही ठेवायची. दुसरे, पगाराच्या पावतीवर ईएसआयची कपात आहे का ते बघून, असेल तर ईएसआयच्या दवाखान्यात जायचे. कपात होती. सहा वर्षे पैसे जात होते आणि कार्ड पेटीत तळाशी होते.

वहीत फार काही लिहायचे नव्हते. तारीख, त्या दिवशी कोणते काम, कोणते औषध हाताला लागले आणि रात्री हात कसे होते, एवढेच. लेकीने रोज रात्री चार ओळी लिहून काढल्या. त्या पंधरा दिवसांत ताईंची आई आजारी पडली म्हणून त्यांना चार दिवस गावी जावे लागले, आणि नेमकी तीच पाने सर्वांत उपयोगाची ठरली. गावी त्यांनी आईची भांडी घासली, स्वयंपाक केला, तरी चौथ्या दिवशी आग थांबून लाली उतरली होती. परत कामावर गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी बेचके पुन्हा फाटले. त्या दिवसापुढे लिहिले होते: "हायपो बादलीत अंदाजाने ओतला, मोजा फाटका."

मालकाचे पहिले उत्तर ठरलेले असते, की घरी भांडी घासतेस म्हणून हात फुटतात. त्यात थोडे तथ्यही आहे. घरचे ओले काम या दुखण्यात भर घालते, डॉक्टरांनीही तसेच सांगितले. पण सुटीत उतरते आणि कामावर वाढते, हे तारखांसह दाखवता आले तर मुख्य कारण कुठे आहे ते कळते.

वहीवरून आम्हाला आणखी एक गोष्ट समजली. कॅनवर चिठ्ठी नव्हती, म्हणून ताईंनी स्टोअरवाल्या मुलाला विचारून मूळ डबा पाहिला. त्यावर पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइट असे छापलेले होते. इस्पितळात सांडलेले रक्त साफ करायला साधारण एक टक्क्याचे द्रावण वापरतात. म्हणजे पाच टक्क्यांच्या एका मापात चार मापे पाणी घालायचे. ताईंच्या वॉर्डात मापच नव्हते. घाईत कोणी निम्मा डबा ओती, कोणी तसाच लादीवर टाकी. शिवाय संडासात ॲसिड टाकल्यावर वरून हायपो टाकायची काही बायांना सवय होती. हे दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. ताई म्हणाल्या, "तरीच डोळ्यांतून पाणी येतं नि खोकला सुटतो. आम्हाला वाटलं, स्वच्छतेचा वासच तसा."

ईएसआयच्या दवाखान्यातून ताईंना त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, बुरशी नाही अशी खात्री केली. पुरळ मनगटाच्या रेषेवर थांबत नव्हते, म्हणून पट्ट्यांची चाचणी दोन महिने थांबून करू असे ठरले. तीन आठवड्यांसाठी मलम, आणि दिवसातून जितक्या वेळा हात धुवाल तितक्या वेळा साधे पेट्रोलियम जेली लावायचे. मग त्यांनी चिठ्ठी लिहून दिली: "हातास त्वचारोग, सात दिवस विश्रांती."

ही चिठ्ठी घेऊन ताई आनंदाने आल्या आणि आम्ही त्यांना परत पाठवले. वाईट वाटले, पण इलाज नव्हता. सात दिवस विश्रांतीची चिठ्ठी म्हणजे सात दिवसांची रजा. आठव्या दिवशी तीच बादली. वरून दिसायला कातडी दोन-तीन आठवड्यांत बरी दिसते, पण तिची आतली ताकद यायला त्याहून बराच वेळ लागतो, कधी महिने लागतात. लगेच हायपोत हात घातला तर पहिल्यापेक्षा लवकर फुटतो. ताईंना लागत होती ती कामातल्या बदलाची चिठ्ठी.

डॉक्टर भले होते. ताईंनी वही दाखवून सांगितले, "मला सुट्टी नको, काम पाहिजे, पण दुसरं." त्यावर त्यांनी नवा दाखला दिला. त्यात आजाराचे नाव आले, तो ओल्या कामाने व जंतुनाशकांनी होत असल्याचे आले, हायपो, ॲसिड आणि पुसण्या पिळणे आठ आठवडे टाळावे असे आले, आणि सर्वांत आधी "कामावर जाण्यास योग्य" हे शब्द आले. याच शब्दांसाठी आम्ही ताईंना दुसरी खेप घालायला लावली होती.

आता दुसरे कोणते काम, हा प्रश्न. "दुसरे काम द्यावे" असे मोघम लिहिले की सुपरवायझर म्हणतो, माझ्याकडे दुसरे कामच नाही. ताईंबरोबर बसून आम्ही त्यांच्या मजल्यावरची सगळी कामे मोजली आणि ओली-कोरडी अशी वेगळी केली. कोरड्यात तीन निघाली. धुऊन आलेल्या चादरी मोजून, घड्या घालून वॉर्डात पोचवणे. बाह्यरुग्ण विभागात केसपेपरच्या फाइली नेणे-आणणे. आणि कचेरीच्या भागात कोरड्या मॉपने धूळ काढणे. चादरींच्या खोलीत काम करणारी बाई अदलाबदलीला तयार होती. ताईच थोड्या घुटमळल्या. "माझे हात वाचवायला तिचे हात ॲसिडात घालू का?" असे त्यांनी विचारले. प्रश्न बिनतोड होता. म्हणून अर्जात सगळ्यांसाठी मापाची आणि धड हातमोज्यांची मागणीही घातली. असा अर्ज झाला:

"प्रति,
मा. व्यवस्थापक (कंत्राटदार),
दि. ४ ऑगस्ट

विषय: वैद्यकीय कारणास्तव आठ आठवडे कामाच्या स्वरूपात बदल मिळणेबाबत.

महोदय,
मी आपल्याकडे सहा वर्षांपासून हाऊसकीपिंग विभागात, दुसऱ्या मजल्यावर, सकाळच्या पाळीत काम करीत आहे. गेल्या फेब्रुवारीपासून माझ्या दोन्ही हातांना संपर्कजन्य त्वचादाह झाला आहे. हा आजार संसर्गजन्य नाही. सोडियम हायपोक्लोराइट, संडास साफ करण्याचे ॲसिड यांचा संपर्क आणि सतत ओले काम यांमुळे तो वाढतो, असे ईएसआयच्या त्वचारोग डॉक्टरांनी दाखल्यात लिहिले आहे. दाखल्याची प्रत सोबत जोडली आहे. रजेच्या चार दिवसांत हात सुधारले व कामावर आल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा फुटले, याची तारीखवार नोंद माझ्याकडे आहे.

डॉक्टरांनी मला कामावर जाण्यास योग्य ठरविले आहे. नोकरी सोडण्याची माझी इच्छा नाही. दि. ४ ऑगस्ट ते २९ सप्टेंबर या काळात मला पुढीलपैकी कोणतेही काम द्यावे, ही विनंती: स्वच्छ चादरींची मोजणी व वाटप, बाह्यरुग्ण विभागातील फाइलींची ने-आण, अथवा कचेरीच्या भागातील कोरडी सफाई. पाळी, पगार व सेवेचा सलगपणा आहे तसाच ठेवावा. २९ सप्टेंबर रोजी मी डॉक्टरांना पुन्हा दाखवून त्यांचा अभिप्राय आणून देईन.

तसेच, दुसऱ्या मजल्यावर हायपो मापून ओतण्यासाठी माप, डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या, कोपरापर्यंतचे न फाटलेले हातमोजे व आत घालण्यास सुती मोजे सर्व कामगारांना मिळावेत.

कृपया आपला निर्णय आठ दिवसांत लेखी कळवावा.

आपली विश्वासू,
(सही)

प्रत: प्रशासकीय अधिकारी, इस्पितळ."

सुती मोज्यांचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. रबरी मोज्यात हात घामाने भिजतो, तोही ओलावाच. आत पातळ सुती मोजा असला, अर्ध्या-अर्ध्या तासाने काढून हात कोरडा केला तर त्रास कमी होतो. आणि भोक पडलेला मोजा तर नसलेला बरा. आत शिरलेले ॲसिडचे पाणी बाहेर येत नाही, कातडीवर बसून राहते.

अर्जात काय नाही तेही पाहा. "तुमच्यामुळे माझे हात गेले" असे कुठे नाही. भरपाईची मागणी नाही. तशी वेळ आली तर तो वेगळा अर्ज, युनियनच्या नाहीतर वकिलाच्या सल्ल्याने. एकाच कागदात बदलीची विनंती आणि भांडण घातले की विनंती बाजूला राहते. आमच्यातल्या एकाला हे पटले नव्हते. सहा महिने रक्त निघेपर्यंत राबवून घेतले आणि वर "आपली विश्वासू" कशाला, असे त्यांचे म्हणणे. ताई म्हणाल्या, "दादा, सही माझी आहे नि चूलही माझी."

अर्जाच्या दोन प्रती काढल्या. एका प्रतीवर कंत्राटदाराच्या कचेरीत शिक्का आणि तारीख घ्यायची होती. तिथल्या कारकुनाने कागद ठेवून घेतला, पण शिक्का देईना. तेव्हा तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवला. जुने रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिळवले गेले, त्यामुळे आता पोस्टात तेच मागायचे. पोचल्याचा दाखला मिळतो, पावतीच्या नंबरावरून पत्र कुठे आहे तेही कळते. पावती ताईंनी वहीच्या पानाला टाचली.

तिसऱ्या दिवशी सुपरवायझरने ताईंना बोलावले. आवाज गोड होता. "तुमची तब्येत महत्त्वाची, या कागदावर सही करा, बदली देतो." कागद इंग्रजीत. ताईंनी म्हटले, मुलीला दाखवून उद्या सही करते. कागद घरी न्यायला मिळाला नाही. त्यात काय होते ते आम्हाला ठाऊक नाही, म्हणून त्यावर अधिक बोलत नाही. पण न वाचलेल्या कागदावर सही करायची नाही, एवढे ताईंच्या पक्के लक्षात होते. त्याच बैठकीत सुपरवायझर असेही म्हणाला, की हे काम तुमच्याच लोकांना चांगले जमते, चादरी मोजायला दुसऱ्या आहेत. या वाक्याचा अर्थ आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. ताईंनी उत्तर दिले नाही. घरी येऊन ते वाक्य तारखेसह वहीत लिहिले.

आठ दिवस उलटले, लेखी उत्तर नाही. पण प्रशासकीय अधिकाऱ्याकडे गेलेली प्रत इस्पितळाच्या संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टरपर्यंत पोचली. भेगा पडलेल्या हातांनी वॉर्डात काम करणे बाईलाही धोक्याचे आणि रुग्णालाही, हे त्या सिस्टरना कोणी शिकवायला नको होते. हा मुद्दा दुधारी आहे हे आम्हाला माहीत होते, त्याच कारणावरून बाईला घरी बसवताही येते. "कामावर जाण्यास योग्य" हा शब्द आणि तीन कोरड्या कामांची नावे समोर होती, म्हणून तसे झाले नाही. १६ ऑगस्टपासून ताई चादरींच्या खोलीत गेल्या.

पगार तोच राहिला. जादा पाळीचे पैसे मात्र गेले, कारण चादरींच्या खोलीत जादा पाळी नसते. महिन्याला ती चांगलीच रक्कम होती. ताईंनी ती गणेशोत्सवाच्या गर्दीच्या दिवसांत फार चुटपुट लावून घेतली. घरची भांडी आता लेक आणि तिचे वडील आलटून पालटून घासतात. पहिल्यांदा शेजाऱ्यांनी हसून घेतले, मग विसरले.

सप्टेंबर संपता संपता चिरा बुजल्या. बेचके अजून गुलाबी आहेत. २९ तारखेला डॉक्टरांनी पाहिले आणि हायपो-ॲसिड आणखी चार आठवडे नको असा अभिप्राय दिला. पट्ट्यांच्या चाचणीची गरज आता दिसत नाही असे म्हणाले, पण पुन्हा उमटले तर करू. तो अभिप्राय जोडून ताईंनी मुदत वाढवण्याचा दुसरा अर्ज दिला. या वेळी कारकुनाने मुकाट्याने शिक्का मारला.

हातमोजे आले, ते निम्म्या बायांना पुरतील इतकेच. डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. माप अजून आलेले नाही. अदलाबदलीत ताईंच्या जागी गेलेल्या बाईने पाण्याची एक लिटरची बाटली वरून कापली आणि दोनशे मिलीच्या जागी नखाला लावायच्या लाल रंगाने रेघ ओढली. रेघेपर्यंत हायपो, वर बाटली भरेपर्यंत पाणी. दुसऱ्या मजल्यावर सध्या सगळ्या त्याच बाटलीने मापतात.